रात्रपाळीचे 4,120 डबे

रत्नागिरीजवळ आंब्याचा पल्प डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात मी एक अख्खा हंगाम काम केलं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला होता, आणि मला मेंटेनन्सच्या हाताखाली घेतलं होतं. आमच्याकडे कॅनिंगचा हंगाम एप्रिलच्या शेवटी रंगात येतो. पेटीचा आंबा वाशी-पुण्याला जाऊन सरत येतो, उरलेला बारका, डागी, पण चवीला अस्सल हापूस कॅनिंगला येऊ लागतो. तिथून मृगाच्या पावसापर्यंत तीन पाळ्या चालतात. सकाळी 7 ते 3, दुपारी 3 ते 11, रात्री 11 ते 7.

त्या वर्षी सीमरवर नवी सेन्सरची जोडणी झाली होती. सीमर म्हणजे भरलेल्या डब्यावर झाकण बसवून कड दुमडणारं यंत्र. सगळी लाईन शेवटी त्याच्यातूनच जाते, म्हणून पाळीचं उत्पादन मोजायचं तर तिथेच. बाहेर पडणारा प्रत्येक डबा एक फोटो सेन्सर मोजायचा आणि तो आकडा दर मिनिटाला नोंदला जायचा. यंत्र चालू झालं की एक नोंद, थांबलं की दुसरी. डब्यात पल्प भरणाऱ्या फिलरच्या तोंडाशी पल्पचं तापमान मोजणारा तिसरा सेन्सर होता. हे सगळं एका लहानशा लॉगरमध्ये साठायचं आणि मी सकाळी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचे. एका रात्रीच्या हजार-दीड हजार ओळी.

साहेबांनी मला सांगितलं, "सव्वासातच्या मीटिंगला मला एक पान दे. कुठल्या पाळीत किती डबे, मशीन किती वेळ बंद. बाकी काही नको." साहेब म्हणजे आमचे प्लांट सुपरवायझर. वीस वर्षं त्याच फरशीवर उभा राहिलेला माणूस. हजार ओळी वाचायला त्यांना वेळ नव्हता, आणि त्यांनी त्या वाचाव्यात असंही नव्हतं. ते माझं काम होतं.

मी एक्सेलमध्ये पान बांधलं. पाळी 480 मिनिटांची, त्यातली जेवणाची 30 वजा, म्हणजे 450 मिनिटं कामाची. सीमर बंद असलेली मिनिटं बेरीज करायची, जेवणाची 30 वजा करायची, उरलं ते डाउनटाइम. काउंटरची पाळीतली शेवटची नोंद म्हणजे उत्पादन, कारण पाळी सुरू होताना ऑपरेटर बटण दाबून काउंटर शून्य करायचा. एकच अडचण तेव्हा ध्यानात आली होती. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, त्यामुळे तारखेनुसार बेरीज केली की एका रात्रीचे दोन तुकडे होतात. ती मी प्रत्येक वेळेतून सात तास वजा करून सोडवली, म्हणजे सकाळी 7 ते दुसऱ्या सकाळी 7 हा एकच दिवस धरला जातो:

```
=INT(A2-7/24)
```

तेवढ्यावर मला वाटलं, पान झालं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी ते पान असं होतं. पहिली पाळी 15,200 डबे, डाउनटाइम 70 मिनिटं. दुसरी पाळी 14,400 डबे, 90 मिनिटं. रात्रपाळी 6,880 डबे, 63 मिनिटं.

साहेबांनी ते वाचलं आणि त्यातून निघणारा एकच अर्थ काढला. मशीन सर्वांत कमी वेळ बंद होतं आणि डबे निम्म्याहून कमी, म्हणजे रात्री कोणी काम करत नाही. मीटिंगमध्ये ते सगळ्यांदेखत रात्रीच्या ऑपरेटरला बोलले. त्या ऑपरेटरना आम्ही सगळे तात्या म्हणायचो. तात्यांनी एकदाच मान वर केली, म्हणाले, "साहेब, रात्री लाईट गेलेली." साहेब म्हणाले, "मग ती ह्या पानात का नाही?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं.

मीटिंग सुटल्यावर तात्या घरी गेले नाहीत. शिफ्टबुक घेऊन मेंटेनन्सच्या टेबलाशी आले. "पोरी, तुझ्या मशीनला बोलता येत नाही म्हणून मी हे लिवतो. बघ." तात्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 1.10 ला लाईट गेली, गडगडाट. 3 वाजता आली. वळवाचा पाऊस रात्री मीही ऐकला होता, आमच्या घरचीही लाईट गेली होती. पण तो पाऊस आणि माझ्या पानावरचे 63 यांचा संबंध तोवर माझ्या डोक्यात जोडलाच गेला नव्हता.

मी पहिल्यांदा एक भागाकार केला, जो पान देण्याआधी करायला हवा होता. 450 मधून 63 गेली, 387 मिनिटं यंत्र चाललं म्हणायचं. 6,880 भागिले 387, मिनिटाला 18 सुद्धा डबे नाहीत. आणि आमच्या सीमरचा वेग मोटरच्या ड्राइव्हवर मिनिटाला 40 डब्यांना बांधलेला होता. त्याच वेगाला कड दुमडणाऱ्या रोलची दाबणी बसवलेली. तो एकतर 40 ने चालतो, नाहीतर उभा राहतो. अठराने चालणारा सीमर अस्तित्वातच नव्हता. पहिल्या पाळीचं पाहिलं तर 380 मिनिटं, 15,200 डबे, बरोबर 40. दुसरीचं 360 मिनिटं, 14,400 डबे, पुन्हा 40. म्हणजे पत्रक दोन पाळ्यांसाठी खरं बोलत होतं आणि तिसरीसाठी खोटं. डबे आणि मिनिटं वेगवेगळ्या सेन्सरकडून येतात, त्यामुळे ती एकमेकांचे साक्षीदार असतात. साक्ष जुळत नाही तेव्हा चुकीचं काय ते शोधायचं असतं, माणूस शोधायचा नसतो. मी मात्र न जुळणारी साक्ष तशीच छापून साहेबांच्या हातात दिली होती.

मग मूळ ओळी उघडल्या. रात्री एकच्या सुमारास असं होतं:

```
01:09:20  SEAM_RUN  1
01:11:00  CAN_CNT   4080
01:12:00  CAN_CNT   4120
03:04:10  SEAM_RUN  0
03:04:10  CAN_CNT   0
```

या पाच ओळींत दोन्ही चुका दिसतात. 1 वाजून 12 मिनिटांनी लाईट गेली तेव्हा लॉगरही गेला, कारण त्याला बॅटरी नव्हती. "बंद झालो" असं लिहायला कोणी जागं नव्हतं. शेवटची नोंद "चालू" अशीच राहिली, आणि माझ्या सूत्राने पुढची नोंद येईपर्यंत ती खरी धरली. 112 मिनिटांचा अंधार माझ्या हिशोबात सीमर चालू होता. दुसरी चूक काउंटरची. तो आकडा पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, ज्या जागेत ठेवला होता ती वीज गेल्यावर पुसली जायची. लाईट आली, काउंटर शून्यापासून मोजू लागला आणि सात वाजता 6,880 वर होता. मी शेवटची नोंद घेतली. लाईट जाण्याआधी रात्रपाळीने भरलेले 4,120 डबे माझ्या पानावर कुठेच नव्हते.

खरं उत्पादन 11,000 होतं.

पण स्वतःच्याच दुसऱ्या हिशोबावर विश्वास ठेवायला आता मन तयार होईना. तिसरा साक्षीदार हवा होता. सीमरमधून निघालेले डबे उकळत्या पाण्याच्या टाकीत जातात ते लोखंडी क्रेटमधून, आमच्या एका क्रेटमध्ये 250 डबे बसायचे. टाकीवरच्या ताईंकडे क्रेटच्या रेघा मारलेल्या वहीचं पान होतं. रात्रीच्या 43 पूर्ण क्रेट, म्हणजे 10,750, आणि शेवटच्या अर्धवट क्रेटमध्ये 190. एकूण 10,940. सेन्सरपेक्षा 60 कमी. तेही सापडले. पाळीत ठरावीक वेळाने डबे काढून त्यांची सीम, म्हणजे दुमडलेली कड, कापून तपासतात, काही चेपके निघतात, ते क्रेटमध्ये जातच नाहीत. सेन्सर त्याच्यासमोरून गेलेला डबा मोजतो, चांगला डबा मोजत नाही. तेव्हापासून पानावर दोन आकडे येऊ लागले, सीमरमधून गेलेले आणि क्रेटमध्ये गेलेले.

सूत्रं दुरुस्त करणं फार अवघड नव्हतं. काउंटरसाठी शेवटची नोंद घेणं सोडलं आणि प्रत्येक नोंदीतली वाढ वेगळी मोजून बेरीज केली. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान असेल तर काउंटर मध्ये शून्य झाला असं समजायचं आणि नवा आकडाच वाढ म्हणून घ्यायचा:

```
=IF(B3<B2, B3, B3-B2)
```

याला एक मर्यादा आहे. शेवटची नोंद आणि वीज जाणं यांच्यामधल्या काही सेकंदांतले डबे हरवतात. आमच्याकडे दर मिनिटाला नोंद असल्याने तो तोटा फार तर 40 डब्यांचा. तासातासाने नोंद होत असती तर हे सूत्र चाललं नसतं.

मिनिटांसाठी काउंटरचीच नोंद नाडीसारखी वापरली. ती दर मिनिटाला यायला हवी, मग यंत्र चालू असो वा बंद. दोन नोंदींत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं की तो वेळ ना चालू धरायचा, ना बंद. त्याचा तिसरा रकाना: "नोंद नाही". पुढे शिफ्टबुक बघून त्यात लाईट लिहायची, की लॉगरची केबल निघाली होती ते लिहायचं. "नोंद नाही" हा रकाना पानावर ठेवायला मला आधी संकोच वाटत होता, आपलंच काम अपुरं दिसेल म्हणून. पण त्या सकाळी तो रकाना असता तर तात्यांना कोणी काही बोललं नसतं.

त्यानंतर ती रात्र मी पुन्हा पहिल्यापासून मांडली. 11,000 भागिले 40, म्हणजे सीमर 275 मिनिटं चालला. 450 मधली 175 मिनिटं गेली कुठे?

लाईट 112 मिनिटं नव्हती. पण रात्रीची जेवणाची सुट्टी अडीच ते तीन, ती नेमकी अंधारातच पडली. माणसं डबे उघडून बॅटरीच्या उजेडात जेवली. म्हणून लाईटच्या नावावर 112 नाही, 82 मिनिटं.

लाईट 3 वाजून 4 मिनिटांनी आली तरी सीमर 3 वाजून 42 मिनिटांनी फिरला. ही 38 मिनिटं माझ्या जुन्या पानात सीमरच्या डाउनटाइममध्ये होती. सीमरला काहीही झालेलं नव्हतं. जनरेटरवर आमच्याकडे फक्त कोल्ड रूम चालायची, लाईन आणि बॉयलर नाही. बॉयलर थंडावला होता, वाफेचा दाब चढायला वेळ लागला, आणि पल्प 85 अंशांच्या खाली असताना फिलर डबे सोडत नाही. तापमानाच्या सेन्सरवर ते स्वच्छ दिसत होतं: 3.04 ला 58 अंश, तिथून हळूहळू चढत 3.41 ला 85. म्हणून नियम असा केला की सीमर बंद आणि पल्प 85 च्या खाली असेल तर तो वेळ "पल्पची वाट" या नावाखाली. हा नियमही पुरा नाही. अढीतला आंबा पिकलेला नसला, गर काढणाऱ्या पल्परवर फळच नसलं, तरी सीमर उभा राहतो, आणि तेव्हा केटलमधला उरलेला पल्प गरमच असतो. तापमान ठीक दिसतं आणि दोष सीमरवर जातो. पहिल्या पाळीच्या 70 मिनिटांतली 22 अशी फळाची वाट पाहण्यात गेली होती, हे सेन्सरने नाही, पल्परवरच्या माणसाने सांगितलं.

सीमरचं स्वतःचं दुखणं दोनदाच निघालं. 17 मिनिटं एक डबा आत अडकून चेपला तेव्हाची, आणि पहाटे 11 मिनिटं झाकणं एकाला एक चिकटली तेव्हाची. मिळून 28.

82 आणि 38 आणि 28, झाली 148. आणखी 27 मिनिटं उरत होती, आणि ती शोधताना मला त्या रात्रीतली सगळ्यात कामाची गोष्ट सापडली. ती एका जागी नव्हतीच. दोन मिनिटांहून लहान असे 41 थांबे होते, कुठे 25 सेकंद, कुठे 50. शिफ्टबुकात त्यांचा एकही उल्लेख नव्हता आणि असणारही नाही. अर्ध्या मिनिटासाठी कोणी पेन उघडत नाही. ऑपरेटर हात घालतो, पडलेला डबा उभा करतो, बटण दाबतो आणि विसरतो. त्याला विचाराल तर तो मनापासून सांगेल की मशीन नीट चाललं. पहिल्या पाळीत असे थांबे मिळून 9 मिनिटं होती, रात्री 27, आणि तीही लाईट नसलेला वेळ सोडून.

म्हणून साहेबांकडे परत जाताना मी रात्रपाळी निर्दोष आहे असं सांगायला गेले नाही. नवं पान घेऊन गेले. त्यावर रात्रीची ओळ अशी होती: सीमरमधून 11,000, क्रेटमध्ये 10,940. चाललं 275. गेली 175, त्यात लाईट 82, पल्पची वाट 38, मशीन 28, बारके थांबे 27, संख्या 41. खाली सर्वांत मोठे तीन थांबे, घड्याळाच्या वेळेसह.

साहेबांना टक्के आवडत नाहीत, पण एक तुलना मी तोंडी केली. लाईट आणि पल्पची वाट वजा केली तर रात्रपाळीच्या हातात 330 मिनिटं होती आणि 275 चालली, 83 टक्के. पहिल्या पाळीची फळाची वाट तशीच वजा केली तर 428 पैकी 380, 89 टक्के. दोन्हींतलं अंतर जवळपास सगळं त्या बारक्या थांब्यांचं आहे. लाईट वजा करायची की नाही यावर ते थोडे अडले. कारखान्याचा तोटा तर झालाच ना, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे. कारखान्याच्या हिशोबात 175 च धरायची. पण माणसाला जाब विचारायचा असेल तर जे त्याच्या हातात नव्हतं ते आधी बाजूला काढावं लागतं. दोन प्रश्न आहेत, म्हणून पानावर दोन आकडे. ते त्यांनी मान्य केलं.

मग त्यांनी 41 वर बोट ठेवलं. "हे कशाने?" मी सांगितलं, सेन्सरला तेवढंच कळतं की थांबलं, कशाने ते कळत नाही. साहेब म्हणाले, "चल, आज रात्री बघू."

आम्ही रात्री साडेअकराला सीमरपाशी उभे राहिलो. अर्ध्या तासात कारण दिसलं. रिकामे डबे वरच्या माचावरून उतरत्या पट्टीने सीमरकडे येतात. दिवसा माचावर दोन बायका असतात, एक गठ्ठा उघडते, दुसरी डबे सरळ लावते. रात्री एकच. ती दोन्ही करायची, वेग राखायला मूठभर डबे एकदम सोडायची, आणि त्यातला एखादा वाटेत आडवा व्हायचा. त्यातही ती बाई क्षणभरही खाली बसलेली आम्ही पाहिली नाही. साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रात्री माचावर दोघी आल्या. त्या आठवड्याअखेरच्या रात्री बारके थांबे 16 होते.

सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब तात्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या दिवशी पान चुकलं होतं, तुम्ही बरोबर होतात." पान माझं होतं, म्हणून मीही उभी राहून तेच बोलले.

मेंटेनन्सच्या दादांनी पीएलसी आणि लॉगरला एक लहान यूपीएस लावून दिला, आणि काउंटरचा आकडा वीज गेली तरी टिकेल अशा जागेत हलवला. पॅनेलमधल्या, विजेच्या फेजवर लक्ष ठेवणाऱ्या सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचा एक संपर्क पीएलसीला जोडला, म्हणजे लाईट गेली की ती आता स्वतःच्या नावाने, सेकंदासह नोंदली जाते. "नोंद नाही" रकाना तरीही मी काढला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा त्यात 9 मिनिटं आली, लॉगरचा प्लग कोणीतरी मोबाइल चार्ज करायला काढला होता.

राहिलं कारण. सेन्सर ते सांगत नाही, आणि रात्री तीन वाजता कोणाकडून वाक्यं लिहून घ्यायची नाहीत, असं माझं तात्यांशी बोलून ठरलं. दोन मिनिटांहून मोठा थांबा झाला की शिफ्टबुकात वेळ आणि एकच अक्षर. ल म्हणजे लाईट, प म्हणजे पल्प, म म्हणजे मशीन, ड म्हणजे डबा किंवा झाकण. सकाळी मी ती अक्षरं सेन्सरच्या वेळांशेजारी बसवायचे. तात्यांचं घड्याळ दोन मिनिटं मागे असायचं, तेवढं धरलं की जुळायचं.

हंगामाच्या शेवटच्या रात्रीनंतर तात्या सात वाजता टेबलाशी आले, छापलेलं पान उचललं आणि उभ्या उभ्या वाचलं. 13,600 डबे, गेली 110 मिनिटं. मग खिशातून चष्मा काढून बारक्या थांब्यांची ओळ पुन्हा वाचली. "अकरा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अकरा." त्यांनी पानाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, म्हणाले, "दुसरा छाप साहेबांना," आणि बसच्या वेळेला निघाले.